लाइटरूममधला क्रॉप पुन्हा उघडता येईल असा ठेवणं, आणि फोटोशॉपमध्ये गेलेला भाग परत आणणं

प्रश्न: लग्नाचे रॉ फोटो लाइटरूम क्लासिकमध्ये ४:५ क्रॉप करून इन्स्टाग्रामसाठी दिले होते. आता त्याच फोटोंचा १२×३६चा अल्बम करायचाय आणि बाजूला कापली गेलेली माणसं परत हवी आहेत. काही फोटोंचं रिटचिंग फोटोशॉपमध्ये झालंय, तेही क्रॉप झाल्यावरच. कापलेला भाग परत येईल का? आणि पुढच्या वेळी क्रॉप कसा ठेवायचा?

उत्तर: रॉ फाइल तुमच्याकडे असेल तर तो भाग तिच्यात जसाच्या तसा आहे. लाइटरूमने तो कापलेला नाही, फक्त झाकलाय. रिटच केलेल्या टिफ किंवा पीएसडी फाइलमध्ये मात्र तो नाही, कारण फोटोशॉपकडे जाताना फक्त चौकटीच्या आतले पिक्सेल गेले. तिथेही रिटचिंग वाया न घालवता बाजूचा भाग जोडता येतो. त्याची रीत पुढे दिली आहे, पण ती नीट वापरायची तर क्रॉप म्हणजे फाइलमध्ये नेमकं काय असतं ते आधी पाहायला हवं.

लाइटरूम रॉ फाइलमधल्या पिक्सेलना हात लावत नाही. क्रॉप म्हणजे चौकटीच्या चार कडांचे चार आकडे आणि एक कोन, एवढंच. हे आकडे कॅटलॉगमध्ये राहतात, आणि तुम्ही मेटाडेटा फाइलवर लिहिलात तर रॉ शेजारच्या `.xmp` फाइलमध्येही. समजा २४ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्यातून आलेली ६०००×४००० पिक्सेलची आडवी फ्रेम आहे, नवरा-नवरी मध्यभागी उभे आहेत आणि दोन्ही बाजूंना घरची मंडळी आहेत. तुम्ही ४:५ची उभी चौकट घेतलीत. `.xmp` फाइल नोटपॅडमध्ये उघडली तर तिच्यात असं काही दिसेल:

```
crs:HasCrop="True"
crs:CropTop="0.05"
crs:CropLeft="0.25"
crs:CropBottom="0.925"
crs:CropRight="0.716667"
crs:CropAngle="0"
```

हे आकडे पिक्सेल नाहीत, पूर्ण फ्रेमच्या रुंदी-उंचीचे अंश आहेत. डावी कड ६०००च्या ०.२५वर, म्हणजे १५००व्या पिक्सेलवर. उजवी कड ४३००वर, वरची २००वर, खालची ३७००वर. चौकट झाली २८००×३५००, म्हणजे ९.८ मेगापिक्सेल. डावीकडे १५००, उजवीकडे १७००, वर २०० आणि खाली ३०० पिक्सेल झाकले गेले. फ्रेमचा जवळजवळ ५९ टक्के भाग दिसत नाहीये, पण तो सगळा फाइलमध्ये आहे. हे चार आकडे लिहून ठेवा, रिटच केलेल्या फोटोंना ते थेट उपयोगी पडणार आहेत. एक अट मात्र आहे. हा साधा गुणाकार कोन शून्य असेल तेव्हाच खरा. फोटो सरळ करताना थोडासा जरी फिरवला असेल, तर चौकट मूळ फ्रेमच्या तुलनेत तिरकी बसलेली असते आणि या आकड्यांवरून अंतरं काढता येत नाहीत. कॅमेरा उभा धरून काढलेल्या फोटोंतही हा हिशेब असाच लावू नका.

एखाद्या फोटोत खरोखर काही झाकलेलं आहे का, हे क्रॉप न उघडताही कळतं. लायब्ररीत उजवीकडच्या मेटाडेटा पॅनेलमध्ये `Dimensions` आणि `Cropped` अशा दोन ओळी असतात. वरच्या उदाहरणात पहिल्या ओळीत ६०००×४००० आणि दुसऱ्या ओळीत २८००×३५०० दिसेल. दोन्ही मापं वेगळी, म्हणजे भाग शिल्लक आहे. `Dimensions`मध्येच २८००×३५०० दिसत असेल, तर तुम्ही रॉ नव्हे, एक्स्पोर्ट केलेली जेपीजी किंवा फोटोशॉपमधून आलेली टिफ निवडलेली आहे. अल्बमच्या घाईत ही गल्लत फार होते, कारण लघुचित्रात दोन्ही अगदी सारखी दिसतात. शेकडो फोटोंमधून क्रॉप केलेले तेवढे वेगळे काढायचे असतील तर स्मार्ट कलेक्शन करा आणि नियमांतल्या `Develop` गटातून `Cropped` निवडा.

आता उघडण्याविषयी. इन्स्टाग्रामची चौकट मोडायची नाही म्हणून आधी `Ctrl+'` दाबून व्हर्च्युअल कॉपी करा (मॅकवर `Ctrl`च्या जागी `Cmd` आणि `Alt`च्या जागी `Option`). तीत फोटोची दुसरी प्रत बनत नाही, त्याच रॉसाठी सेटिंग्जचा दुसरा संच तयार होतो. डिस्कवर जागा जवळजवळ लागतच नाही. मग या कॉपीवर `R` दाबून क्रॉप टूल उघडा. झाकलेला भाग लगेच फिकट होऊन चौकटीबाहेर दिसेल.

इथे बहुतेक जण कोपरा ओढून चौकट मोठी करायला जातात आणि ती वर-खाली कडांना टेकून थांबते. गुणोत्तराचं कुलूप ४:५वर लागलेलं असल्यामुळे असं होतं. ४००० उंचीला ४:५मध्ये ३२०० पेक्षा जास्त रुंदी मिळूच शकत नाही. `A` दाबून कुलूप उघडा किंवा `Aspect`मधून `Original` निवडा आणि मग कोपरे कडेपर्यंत ओढा. सगळंच मूळ जागी न्यायचं असेल तर क्रॉप पॅनेलमधलं `Reset` किंवा `Ctrl+Alt+R`. पण त्याच्या अगदी शेजारचा `Ctrl+Shift+R` हा शॉर्टकट क्रॉपसकट फोटोवरची सगळी सेटिंग्ज पुसतो: एक्स्पोजर, रंग, मास्क, सगळं. चुकून दाबलाच तर लगेच `Ctrl+Z` करा, किंवा डावीकडच्या हिस्टरीत रीसेटच्या आधीच्या पायरीवर क्लिक करा.

`Reset`ने कोनही शून्यावर येतो, हे ध्यानात असू द्या. मांडवाचे खांब सरळ करायला फोटो २ अंश फिरवला असेल आणि तो तसाच राहायला हवा असेल, तर `Reset` न वापरता चौकट हाताने मोठी करा. मात्र मग पूर्ण फ्रेम मिळणार नाही. फिरवलेल्या चित्रात सरळ आयत बसवायचा तर कोपरे सोडावेच लागतात. ६०००×४०००ची फ्रेम २ अंश फिरवली की त्याच गुणोत्तराची सगळ्यात मोठी चौकट साधारण ५७००×३८०० भरते. दोन अंश ऐकायला किरकोळ वाटतात, पण क्षेत्रफळाचे जवळजवळ १० टक्के त्यात जातात. कडेला उभ्या असलेल्या मामा-मावशींपैकी कुणाचा तरी खांदा याच १० टक्क्यांत असतो. तेव्हा ग्रुप फोटोत आधी ठरवा, खांब सरळ हवेत की माणसं पूर्ण.

चौकट उघडली की काम संपलं असं समजू नका, कारण नव्याने दिसणाऱ्या भागावर आजवर कुणाचं लक्षच गेलेलं नसतं. मास्क, ब्रश आणि ग्रेडियंट यांची चिंता नाही. ते चौकटीला नव्हे, मूळ चित्राला चिकटलेले असतात, त्यामुळे नवरीच्या चेहऱ्यावरचा गोल मास्क चेहऱ्यावरच राहतो. पण सेन्सरवरच्या धुळीचे ठिपके, लोंबणाऱ्या वायरी, जळून पांढरा झालेला हॅलोजन, व्हिडिओवाल्याचा स्टँड हे सगळं बाहेरच्या पट्टीत तसंच असणार. १०० टक्के झूम करून डावी-उजवी बाजू एकदा फिरून या.

दुसरी गोष्ट कडेच्या काळोखीची. `Effects`मधलं `Post-Crop Vignetting` नावाप्रमाणे क्रॉपनंतर लागतं, म्हणजे चौकट बदलली की काळोखीही नव्या कडांकडे सरकते. चौकट उघडल्यावर नवरा-नवरीच्या आजूबाजूचा भाग अचानक उजळ वाटला आणि कडेची मंडळी काळवंडली, तर कारण हेच. ग्रुप फोटोत कडेला चेहरे असतात, तेव्हा तिथे हे मूल्य शून्य करा. लेन्समुळे येणारी काळोखी ही वेगळी गोष्ट आहे. लेन्स प्रोफाइल तिची भरपाई पूर्ण फ्रेमच्या हिशेबाने करतं, क्रॉपचा तिच्याशी संबंध नाही.

आता तुमच्या १२×३६चं गणित, कारण क्रॉप उघडूनही काही फोटो स्प्रेडवर बसणार नाहीत. १२×३६ म्हणजे ३:१. पूर्ण ६००० रुंदी घेतली तर उंची फक्त २००० पिक्सेल मिळते. ३६ इंचावर ६००० पिक्सेल म्हणजे इंचाला सुमारे १६७, छपाईला हे चालून जातं. अडचण उंचीची आहे. नवरा-नवरी डोक्यापासून पायापर्यंत ३००० पिक्सेल उंच असतील, तर २०००च्या पट्टीत ते फार तर गुडघ्यापर्यंतच येतील. पूर्ण उभे हवे असतील तर ९००० रुंदी लागेल, आणि ती कुठल्याच क्रॉपमध्ये नाही. अशा फोटोला अल्बमचं एक पान द्या. १२×१८चं गुणोत्तर २:३, कॅमेऱ्याच्या फ्रेमइतकंच. तिथे पूर्ण ६०००×४००० बसतं आणि इंचाला ३३३ पिक्सेल मिळतात.

स्प्रेडवर पूर्ण रुंदीचा फोटो लावताना घडीही पाहा. घडी ३०००व्या पिक्सेलवर येते. आपल्या उदाहरणात जोडप्याचा मध्य १५०० आणि ४३०० यांच्या बरोबर मधे, २९००वर आहे, म्हणजे घडी त्यांच्या अंगावरूनच जाणार. पूर्ण रुंदी घेतल्यावर डावी-उजवीकडे सरकायला जागा उरत नाही. दोघांच्या मधल्या फटीतून घडी जात असेल तर ठीक, नवरीच्या गालावरून जात असेल तर तो फोटो स्प्रेडला देऊ नका. ३:१ चौकट पाहण्यासाठी `Aspect`मध्ये `Enter Custom` निवडून ३ आणि १ भरा. वरच्या-खालच्या कडा ओढून कुठे काय कापलं जातंय ते डिझायनरकडे पाठवण्याआधीच कळेल.

आता रिटच केलेले फोटो. लाइटरूममधून `Ctrl+E` केलं की रॉवर केलेलं काम चित्रात मुरवून नवी टिफ किंवा पीएसडी तयार होते, आणि तीत क्रॉपबाहेरचं काहीच नसतं. त्या फाइलवर लाइटरूममध्ये `Reset` दाबलं तरी २८००×३५००च राहतील. पण चेहऱ्यावरचं काम त्या लेयरमध्ये सुरक्षित आहे. त्याच्याभोवती रॉमधून काढलेली पूर्ण फ्रेम घालायची.

त्यासाठी रॉच्या व्हर्च्युअल कॉपीवर क्रॉप उघडा, पण बाकीची सेटिंग्ज रिटचला पाठवलं तेव्हा होती तशीच ठेवा. मधल्या काळात रंग बदलले असतील तर हिस्टरीत मागे जाऊन त्या वेळची पायरी पकडा, तिथून व्हर्च्युअल कॉपी करा आणि मग तिचा क्रॉप उघडा. आता ही पूर्ण फ्रेम `Ctrl+E`ने फोटोशॉपमध्ये न्या. रंगाचं प्रोफाइल आणि बिट डेप्थ जुन्या फाइलइतकंच हवं. एक प्रोफोटो १६ बिट आणि दुसरी एसआरजीबी ८ बिट असेल तर जोड दिसण्याची शक्यता वाढते. मग जुनी रिटच केलेली फाइल उघडा, तिचे सगळे लेयर एका ग्रुपमध्ये घाला, `Duplicate Group` करा आणि `Document`मध्ये नवी ६०००×४०००ची फाइल निवडा.

ग्रुप नव्या फाइलमध्ये कुठेही पडेल. `Ctrl+T` दाबून वरच्या पट्टीत संदर्भबिंदू डाव्या-वरच्या कोपऱ्यावर आणा आणि X मध्ये 1500 px, Y मध्ये 200 px भरा. हेच ते लिहून ठेवलेले आकडे. ग्रुपमधला एखादा लेयर जुन्या कॅनव्हासच्या बाहेर गेलेला असेल तर ग्रुपचा कोपरा चुकीचा धरला जातो. तसं असेल तर आधी रिटचचा एकत्रित लेयर (`Ctrl+Alt+Shift+E`) करून तोच न्या.

जागा बरोबर बसली का, हे डोळ्यांनी ठरवू नका. ग्रुपचा ब्लेंड मोड तात्पुरता `Difference` करा. चित्र जवळजवळ काळं व्हायला हवं, रिटच झालेल्या जागाच उजळ दिसतील. साडीच्या काठावर, दागिन्यांवर बारीक उजळ रेषा दिसल्या तर एखाद्या पिक्सेलचा फरक आहे. अंशांचं पिक्सेलमध्ये रूपांतर होताना एवढी घट-बढ होते. बाणाच्या कळीने एकेक पिक्सेल सरकवून रेषा नाहीशा करा आणि मोड परत जुना करा.

सगळं काळं झालं पण ग्रुपच्या कडेला पट्ट्यासारखा फरक राहिला, तर तो पोस्ट-क्रॉप व्हिनेटिंगचा आहे. जुन्या क्रॉपची काळोखी रिटच लेयरमध्ये मुरलेली आहे आणि आता ती चित्राच्या मधोमध चौकोन होऊन उमटते. त्यावर सोपा उपाय हा: ग्रुपला काळा मास्क लावा आणि रिटच केलेले चेहरे, हात, केस एवढेच पांढऱ्या मऊ ब्रशने उघडा. बाकी सगळं खालच्या पूर्ण फ्रेममधून येऊ द्या. काळोखी फार असेल आणि चेहरेही तिच्या पट्ट्यात असतील, तर मास्कने निभावणार नाही. तेवढे चेहरे पुन्हा रिटच करावे लागतील.

कोन शून्य नसेल तर ही आकडेमोड लागू नाही. तेव्हा पूर्ण फ्रेम काढताना कोन तसाच ठेवा, चौकट जास्तीत जास्त मोठी करा आणि फोटोशॉपमध्ये रिटचचा एकत्रित लेयर व खालचा फोटो दोन्ही निवडून `Auto-Align Layers` चालवा. दोन्ही चित्रांत तोच मजकूर असल्यामुळे ते सहसा नीट जुळतं. तपासणी मात्र `Difference`नेच करा.

पुढच्या वेळी हे सगळं टाळायचं तर क्रम उलटा ठेवा: आधी रिटच, मग क्रॉप. रंग आणि प्रकाशाचं काम करा, फोटो सरळ करायचा असेल तर करा, पण चौकट पूर्ण ठेवूनच `Ctrl+E` करा. रिटच करून सेव्ह केलं की टिफ लाइटरूममध्ये रॉच्या शेजारी येते. आता ४:५चा क्रॉप या टिफवर करा. लाइटरूम टिफ-जेपीजीचेही पिक्सेल कापत नाही, तिथेही क्रॉप म्हणजे आकडेच. त्यामुळे एकाच रिटच केलेल्या टिफच्या ४:५, १२×१८ आणि ३:१ अशा तीन व्हर्च्युअल कॉपी ठेवता येतात. मेटाडेटा पॅनेलमधल्या `Copy Name`मध्ये 4x5, 12x18 असं लिहा, म्हणजे महिन्याभरानेही कुठली कशासाठी ते कळेल.

या टिफवर फोटोशॉपमध्ये पुन्हा काम करायचं झालं तर लाइटरूम तीन पर्याय विचारतं. `Edit Original` निवडा. लेयर आणि पूर्ण चित्र उघडतं. `Edit a Copy with Lightroom Adjustments` निवडलंत तर क्रॉप मुरतो आणि लेयरही सपाट होतात, म्हणजे टाळायचं होतं तेच घडतं.

फोटोशॉपमध्ये स्मार्ट ऑब्जेक्ट म्हणून रॉ नेण्याचा मार्गही आहे. त्यात रॉची प्रत पीएसडीच्या आत बसते आणि लेयरच्या लघुचित्रावर दोनदा क्लिक करून कॅमेरा रॉमध्ये क्रॉप बदलता येतो. पण वरचे रिटचचे लेयर त्या बदलासोबत हलतीलच असं नाही, शिवाय आतल्या प्रतीचा लाइटरूममधल्या रॉशी संबंध तुटलेला असतो. ज्या फोटोवर वेगळं रिटचिंग नाही, त्याला हा मार्ग ठीक. लग्नाच्या फोटोंना मी पूर्ण चौकटीची टिफच सुचवीन. फोटोशॉपच्या स्वतःच्या क्रॉप टूलने कापायचं असेल तर वरच्या पट्टीतली `Delete Cropped Pixels`ची खूण काढा. मग बाहेरचा भाग लेयरमध्ये राहतो आणि `Image > Reveal All`ने परत दिसतो. फाइल फ्लॅटन केली की तो जातो, आणि जेपीजीत तर तो नसतोच. अल्बमचे डिझायनर फाइल हलकी करण्यासाठी फ्लॅटन करतात, म्हणून त्यांच्याकडे नेहमी प्रत द्या.

क्रॉपचे आकडे कुठे राहतात यावर ते टिकणार की नाही हे ठरतं. व्हर्च्युअल कॉपी आणि हिस्टरी फक्त कॅटलॉगमध्ये असतात, `.xmp`मध्ये जात नाहीत. कॅटलॉग बिघडला आणि बॅकअप नसला तर मूळ रॉचा एकच क्रॉप `.xmp`मधून परत मिळेल, तोही `Ctrl+S` केलेलं असेल किंवा कॅटलॉग सेटिंग्जमध्ये `Automatically write changes into XMP` चालू असेल तरच. स्नॅपशॉट मात्र `.xmp`मध्ये लिहिले जातात. म्हणून मोठ्या कामात मूळ रॉवर ‘पूर्ण फ्रेम’ आणि ‘४:५’ असे दोन स्नॅपशॉट (`Ctrl+N`) करून ठेवणं चांगलं. स्नॅपशॉट लावताना फक्त क्रॉप नव्हे, त्या क्षणाची सगळी सेटिंग्ज परत येतात, तेव्हा रंगाचं काम संपल्यावरच तो घ्या. दुसऱ्याला रॉ देताना `.xmp` सोबत द्या आणि नावं बदलू नका. एकाच नावाची जोडी असेल तरच कॅमेरा रॉ ती ओळखतं. डीएनजी असेल तर हे आकडे फाइलच्या आतच लिहिले जातात.

क्रॉप नकळत पसरण्याचं एक ठरलेलं कारण म्हणजे `Sync`. एका फोटोचे रंग दोनशे फोटोंना देताना `Crop`ची खूण राहिली, की सगळ्यांना तीच चौकट लागते, कुणाची डोकी जातात तर कुणाचे पाय. लगेच लक्षात आलं तर `Ctrl+Z`. उशिरा लक्षात आलं तर अजिबात क्रॉप नसलेला एक फोटो मुख्य म्हणून निवडा, बाकीचे त्याच्यासोबत निवडा आणि `Sync`मध्ये `Check None` करून फक्त `Crop`ला खूण करा. सगळ्या चौकटी उघडतात, रंगांना धक्का लागत नाही. अर्थात ज्यांचा क्रॉप मुद्दाम केला होता तेही उघडतात, म्हणून त्यांना आधी बाजूला काढा. `Auto Sync` चालू असेल तर क्रॉप करताना निवडलेले सगळेच फोटो कापले जातात. क्रॉपच्या कामाला तो बंदच ठेवा.

डार्कटेबल वापरणाऱ्यांना तत्त्व हेच, जागा वेगळ्या. तिथे `crop` हे स्वतंत्र मॉड्यूल आहे. त्याचं बटण बंद केलं की पूर्ण फ्रेम दिसते, आणि फिरवणं `rotate and perspective` या वेगळ्या मॉड्यूलमध्ये असल्याने क्रॉप उघडला तरी कोन टिकतो. साइडकारच्या नावात रॉचं एक्स्टेंशनही असतं, `IMG_1234.CR2.xmp` असं, त्यामुळे ती लाइटरूमच्या `IMG_1234.xmp`शी मिसळत नाही.

शेवटी, भाग खरोखरच नसण्याच्या शक्यता. कॅमेऱ्यात १:१ किंवा १६:९ निवडलं असेल तर बऱ्याच कॅमेऱ्यांच्या रॉमध्ये पूर्ण चित्र असतं आणि क्रॉप टूलमध्ये चौकट बाहेर ओढून पाहता येतं. पण फुल-फ्रेम निकॉनवर डीएक्स मोड किंवा सोनीवर एपीएस-सी मोड लावून काढलेल्या रॉमध्ये सेन्सरचा मधला भागच लिहिलेला असतो, बाहेरचं कुठेच नाही. `Dimensions` नेहमीपेक्षा लहान दिसलं की ओळखा.

आणि रॉच डिलीट झाल्या असतील तर एक आशा उरते: स्मार्ट प्रीव्ह्यू. ते बनवलेले असतील तर त्यांत क्रॉप न केलेली पूर्ण फ्रेम असते, लांब बाजू २५६० पिक्सेल. मूळ फाइल हरवलेली असतानाही लाइटरूम त्यातून एक्स्पोर्ट करू देतं. १८ इंचाच्या पानावर ते इंचाला सुमारे १४२ पिक्सेल पडतात, म्हणजे ग्रुप फोटो पानभर लावता येईल. ३६ इंचाच्या स्प्रेडवर ७१च पडतात, तिथे तो लावू नका. हीच मर्यादा दुसरीकडूनही पाहा: रॉची हार्ड डिस्क जोडलेली नसताना एक्स्पोर्ट केलंत, तर लाइटरूम याच २५६०मधून काम चालवतं आणि अर्ध्या रुंदीच्या क्रॉपला १२८० पिक्सेलच हाती येतात. अल्बमच्या फाइल काढण्याआधी डिस्क जोडलेली आहे ना, ते हिस्टोग्रामखालची ओळ वाचून पाहा. तिथे `Original Photo` किंवा `Original + Smart Preview` दिसायला हवं.